अंघोळ झाल्यावर चालणारा पंखा

इंग्लंडमधल्या नव्या फ्लॅटांत बाथरूमला अनेकदा खिडकीच नसते. दिव्याचं बटण दाबलं की छतातला एक्झॉस्ट फॅन सुरू होतो आणि दिवा बंद केल्यावरही बराच वेळ घुमत राहतो. घरात नव्यानं राहायला आलेल्याला ती बिघाडाची खूण वाटते, पण फॅन मुद्दाम तसा जोडलेला असतो. तिथल्या इमारत नियमावलीच्या ‘एफ’ भागानुसार बाथरूमच्या अशा फॅननं सेकंदाला किमान 15 लिटर हवा बाहेर टाकायची असते आणि उघडणारी खिडकी नसेल तर वापर संपल्यावर आणखी 15 मिनिटं चालायचं असतं.

ही 15 मिनिटं पुरतात का, ते एका बाथरूमवर ताडून पाहू. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच, म्हणजे 12 घनमीटर हवा. फॅन तासाला 54 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे पाव तासात साडेतेरा. आकडा खोलीपेक्षा मोठा असला तरी आत येणारी कोरडी हवा जुन्या दमट हवेत मिसळत जाते, त्यामुळे सुमारे एक तृतीयांश जुनी हवा तेव्हाही आतच असते. आरसा स्वच्छ होतो, वाफ दिसेनाशी होते. पण खरं पाणी हवेत नसतंच. 22 अंशांना ही सगळी खोली वाफेनं पूर्ण भरली तरी हवेत पाव लिटरहून कमी पाणी मावतं. टाइल्स, पडदा आणि ओला टॉवेल यांत मिळून अर्धा लिटर उरलंय असं धरा. बाहेरच्या पॅसेजमधून निम्म्या आर्द्रतेची हवा येत असेल, तर दर घनमीटरमागे फॅन फार तर नऊ-दहा ग्रॅम पाणी नेतो, तासाभरात जेमतेम अर्धा लिटर. भिंती वाळत आल्या की हा वेगही उतरतो. म्हणून 15 मिनिटं ही किमान मर्यादा समजावी. झाकणाखालचा छोटा स्क्रू फिरवून बहुतेक टायमर 30 मिनिटांपर्यंत वाढवता येतात आणि ते करावंच. अंघोळ झाल्याबरोबर भिंतींवरून वायपर ओढला तर बरंच पाणी थेट मोरीत जातं, फॅनच्या वाट्याला तितकं कमी येतं.

टायमरला किती ओल उरली हे कळत नाही, म्हणून आर्द्रता ओळखणारा फॅन आला. आत पाणी शोषणारी पातळ पॉलिमरची पट्टी असते. ओलाव्यानं तिची विद्युतधारिता बदलते आणि आर्द्रता ठरलेल्या टक्क्यांपुढे, समजा 70 वर, गेली की फॅन सुरू होतो. कुणी अंघोळीला दिवा न लावता गेलं तरी तो आपलं काम करतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

खोट आहे ती टक्क्यांत. सेन्सर पाण्याचे ग्रॅम मोजत नाही. त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या किती टक्के पाणी आहे, एवढंच सांगतो. हिवाळ्यात 22 अंशांना 60 टक्के आर्द्रता असलेलं बाथरूम हीटर बंद झाल्यावर रात्री 16 अंशांवर उतरलं, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता आकडा 85 होतो. पहाटे तीनला फॅन घुमू लागतो. वैतागून माणसं स्क्रू 90 वर नेतात किंवा भिंतीवरचा मेन स्विचच पाडतात आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी दिसते. त्यापेक्षा आर्द्रता किती वेगानं चढतेय हे पाहणारे फॅन घ्यावेत. शॉवरनं ती काही मिनिटांत उसळते, रात्रीच्या गारव्यानं हळूहळू चढते.

टायमर चालत नसेल तर आधी वायरिंग पाहावं. अशा फॅनला दोन फेज लागतात, एक कायम चालू आणि एक दिव्याच्या बटणामागून आलेली. दिवा बंद करताच फॅनही थांबला, तर बहुधा कायमची फेज पोचलेलीच नाही. जोडणी बरोबर असेल तर ही कायमची फेज दिवा बंद असतानाही जिवंत असते, म्हणून दिवा बंद आहे एवढ्यावर अशा फॅनला हात लावू नये. दोन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा वेगळा स्विच त्यासाठी असतो. फॅन फिरतोय पण ओल हटत नाही, असं असेल तर टिश्यूचा कागद जाळीला लावून पाहा. तो चिकटला नाही तर दार किंचित उघडा. लगेच चिकटला, तर दाराखाली फट नाही. आत हवा येणार नसेल तर बाहेर काय जाणार? तिथे साधारण 10 मिलिमीटरची फट ठेवतात.

इंग्लंडहून परतताना कुणी असा सेन्सरवाला फॅन मुंबईला आणला, तर जुलैत तो थांबणारच नाही, कारण बाहेरच्याच हवेत 85 टक्के आर्द्रता असते. फॅन मात्र तिथेही निरुपयोगी नाही. 28 अंशांच्या त्या पावसाळी हवेत दर घनमीटरला 23 ग्रॅम पाणी असतं, गरम अंघोळीनंतर 30 अंशांच्या बाथरूममध्ये 30 ग्रॅम. सात ग्रॅमचा फरक उरतो आणि तेवढ्यावर ओल हळूहळू जाते. अशा हवेत सेन्सर बंद ठेवून 30 मिनिटांचा साधा टायमरच लावावा.