पापणीच्या काठावरच्या तेलविहिरी

विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल पकडली की लेडीज डब्यात कुणाच्या तरी पर्समधून काजळपेन्सिल बाहेर येतेच. ठाणं येईपर्यंत तीच रेघ डोळ्यांखाली उतरलेली असते. आपण दोष घामाला देतो. घामाचा वाटा आहेच, पण काजळ फिसकटवणारा मोठा अपराधी पापणीच्या आतच दडलेला असतो.

आरशाजवळ जा आणि खालची पापणी हलकेच ओढा. केसांची रांग आणि डोळा यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची ओलसर गुलाबी कड दिसेल. हीच वॉटरलाइन. तिच्यावर एका ओळीत तेलग्रंथींची बारीक छिद्रं असतात, खालच्या पापणीला साधारण २० ते ३०, वरच्या पापणीला त्याहून थोडी जास्त. हाइन्रिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये या ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका तेलविहिरीचं तोंड! पापणी मिटली की थेंबाहूनही कमी तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर साय धरावी तसं पसरतं. त्यामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. हा अख्खा अश्रुथर सुमारे ३ मायक्रॉन जाड असतो. डोक्यावरचा एक केस त्याच्या वीसपट तरी जाड भरेल.

काजळपेन्सिल म्हणजे मेण, तेल आणि काळं रंगद्रव्य. मेण तेलात मऊ पडतं. आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो आणि दरवेळी ही तेलविहीर आपली रेघ आतून पुसत राहते. पुसलेलं काजळ जातं कुठे? अॅलिसन एंग या संशोधिकेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे चित्रीकरण करून पाहिलं. केसांच्या बाहेर काढलेल्या रेघेपेक्षा आतल्या रेघेतले कण पाच मिनिटांतच १५ ते ३० टक्के जास्त प्रमाणात अश्रूंत उतरले होते. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात सापडणारा काळा ठिपका हा त्याच प्रवासाचा शेवट. विहिरींची तोंडंच लिंपली गेली तर तेल अडतं, डोळे चुरचुरतात, कधी रांजणवाडीही होऊ शकते.

मग न फिसकटणारी पेन्सिल कशी टिकते? तिच्यात बहुधा आयसोडोडेकेनसारखं उडून जाणारं द्रावण आणि सिलिकॉनची राळ असते. द्रावण उडालं की राळेचा पातळ पापुद्रा रंगाला धरून ठेवतो. म्हणून रेघ काढल्यावर अर्धा-एक मिनिट डोळा चोळायचा नाही. मेख अशी की वॉटरलाइन कायम ओली. तिथे पापुद्रा नीट धरत नाही आणि सुटला तर त्याच्या खपल्या डोळ्यात जातात. मऊ काजळ पसरतं ते परवडलं, खपल्या नकोत.

हे घरी तपासता येतं. मनगटावर दोन रेघा काढा आणि दोन मिनिटं थांबा. एकीवर पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर खोबरेल तेलाचा, आणि दोन्ही बोटाने हलकेच चोळा. ‘वॉटरप्रूफ’ पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, पण तेलाने लगेच काळी धार सोडली तर वॉटरलाइनवरही ती तेच करणार. तेलाने हळूहळू आणि सारखी निघणारी चांगली. भुकटी किंवा खपल्या सुटल्या तर ती फक्त पापणीच्या बाहेरच्या बाजूला वापरा.

शिसं मात्र या चाचणीत दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या कित्येक सुरम्यांत गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज असतं, आणि ते दिसतं काजळासारखंच काळं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे. त्यामुळे वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहा. घटकांत कार्बन ब्लॅक किंवा आयर्न ऑक्साइड आणि शेजारी ‘वॉटरलाइनसाठी’ असा स्पष्ट उल्लेख हवा. लोकलच्या डब्यात विकायला येणाऱ्या बिनलेबल पेन्सिलीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डोळे नाजूक असतील तर कापूर आणि सुगंध असलेलं काजळ टाळा. तो ‘थंडावा’ अनेकदा कापराचाच असतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स, मग काजळ, आणि काजळ पुसण्याआधी लेन्स काढायची. पेन्सिल उसनी देऊ नका. लाकडी असेल तर वापरण्याआधी टोक तासा आणि तूस राहिलं नाही ना ते बघा. डोळे आले असताना वापरलेली पेन्सिल सरळ टाकून द्या.

रोजच्यासाठी माझं मत साधं आहे: रेघ केसांच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला काढावी. वॉटरलाइन सणासमारंभापुरती ठेवावी आणि रात्री तेलयुक्त रिमूव्हरने पुसून झोपावं. आणि रेघ घरूनच काढून निघावं, कारण लोकलच्या एका हिसक्याने पेन्सिलीचं टोक बुबुळावर ओरखडा उठवू शकतं.