विझलेली पणती फोटोत लावताना

दिवाळीच्या फोटोंत एक अडचण हमखास येते. सगळे नीट बसलेले असतात, रांगोळीही छान आलेली असते, आणि नेमकी पुढची पणती वाऱ्याने विझलेली असते. फोटो पुन्हा काढता येत असेल तर उत्तमच, पण काही फोटो पुन्हा काढता येत नाहीत. आमच्या मंडळातल्या एका घरी असा एक फोटो आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी ओट्यावर पणत्यांची रांग मांडत आहेत. चार पणत्या तेवत आहेत आणि आजींच्या हाताजवळची पाचवी विझली आहे. पुढच्या दिवाळीला आजी नव्हत्या. घरच्यांना ती पणती लागलेली हवी होती. ते काम कसे झाले, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. त्यासाठी गिंप हा मोफत प्रोग्राम वापरला. पडद्यावर दिसणारी नावे तशीच दिली आहेत.

आधी ज्योत

इंटरनेटवरून ज्योतीचे चित्र उतरवून चिकटवण्याचा मोह टाळा. ते दुसऱ्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या उंचीवरून काढलेले असते आणि डोळ्याला ते लगेच खटकते. फोटोतच शेजारी जळती पणती असेल तर तिची ज्योत सगळ्यांत चांगली. तशी नसेल, तर अंधाऱ्या खोलीत पणतीमागे काळे कापड धरा आणि मूळ फोटोत कॅमेरा जितक्या उंचीवर होता तितक्याच उंचीवरून फोटो काढा. मोबाइलवर ज्योतीवर बोट ठेवून उजेड कमी करा, म्हणजे ज्योत नुसती पांढरी न होता तिचा पिवळा आणि केशरी रंग टिकतो.

आजींच्या फोटोत आम्ही तिसऱ्या पणतीची ज्योत घेतली. तिच्याभोवतीचा चौकोन कापून नव्या थरावर ठेवला, `Colors > Curves` मध्ये मागची करडी भिंत पूर्ण काळी केली आणि त्या थराचा `Mode` बदलून `Screen` केला. या पद्धतीत काळा रंग खालच्या चित्रात काहीच भर घालत नाही, फक्त उजेड तेवढा मिसळतो. त्यामुळे ज्योतीची नाजूक कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही.

इथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे वारा. रांगेतल्या सगळ्या ज्योती डावीकडे झुकल्या असतील तर नवी ज्योतही डावीकडेच झुकली पाहिजे. तोचतोचपणा लपवण्यासाठी ज्योत आडवी उलटवली तर ती वाऱ्याविरुद्ध जाईल. त्यापेक्षा तिची उंची थोडी कमी करा. दुसरी गोष्ट म्हणजे वात. जळत्या वातीचे टोक काळे असते. पांढऱ्या कोऱ्या वातीवर ज्योत बसवली तर ती तरंगल्यासारखी दिसते. आजींची पणती लागून विझलेली होती, म्हणून वात आधीच काळी होती. तुमच्या फोटोत ती कोरी असेल तर टोक लहान ब्रशने काळे करून घ्या.

मग उजेड

ज्योत बसवून थांबलो तर ती स्टिकरसारखी दिसते, कारण तिच्या उजेडाने आसपास काहीच उजळलेले नसते. बरेच जण इथे केशरी रंगाचा मऊ ब्रश फिरवतात. त्याने फरशीवर केशरी धुके पसरते आणि फरशीचे रवे, मातीचा खरखरीतपणा, हातावरच्या सुरकुत्या त्याखाली झाकल्या जातात. खरा उजेड याच्या उलट वागतो. तो पृष्ठभागावर असलेले तपशील जास्त ठळक करतो. म्हणून रंग फासायचा नाही, तर मूळ फोटोच उजळ करायचा.

मूळ थराची प्रत काढा: `Layer > Duplicate Layer`. त्या प्रतीवर `Curves` उघडून लाल रंग बराच वर उचला, हिरवा थोडा, आणि निळा जवळपास तसाच ठेवा. आमच्या फरशीचा एक ठिपका लाल ६०, हिरवा ५५, निळा ५० असा होता. तो साधारण १३०, ८५, ५५ वर आणला. आता सगळा फोटो ऊबदार उजळलेला दिसेल. मग त्या थराला `Add Layer Mask` मधून `Black (full transparency)` हा मुखवटा लावा. उजळ प्रत पूर्ण लपते. पांढऱ्या, मऊ कडांच्या ब्रशने, `Opacity` १० ते १५ ठेवून, मुखवट्यावर जिथे जिथे फिरवाल तिथे तिथे तेवढा उजेड पडतो. दोन-तीन वेळा हलके फिरवणे एकदा जोरात फिरवण्यापेक्षा बरे.

उजेड कुठे पडतो?

यासाठी एक साधी युक्ती आहे. आपला डोळा ज्योतीच्या जागी आहे असे समजा. तिथून जे दिसेल ते उजळेल आणि जे आड जाईल ते अंधारात राहील. पणतीच्या काठाची आतली बाजू दिसते, म्हणून ती सर्वांत उजळ. पणतीची बाहेरची बाजू आणि बुडाजवळची फरशी काठाच्या आड जाते, म्हणून तिथे सावली. दिव्याखाली अंधार, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे, आणि घाईत केलेल्या फोटोत नेमका तिथेच उजेड फासलेला असतो. शेजारच्या पणत्यांचा उजेड त्या सावलीत थोडा येतो, म्हणून ती काळीकुट्ट मात्र करू नका.

उजेड अंतरासोबत झपाट्याने कमी होतो. ज्योतीपासून चार बोटांवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या पाव हिस्सा आठ बोटांवर. आजींच्या तळहाताची ज्योतीकडची बाजू आणि बोटांच्या कडा आम्ही उजळल्या. हाताची पाठ तशीच ठेवली. चेहरा दोन फुटांवर होता, तिथे हनुवटीखाली नावापुरता स्पर्श केला. चेहरा उजळण्याची इच्छा सगळ्यांचीच होते, पण एका पणतीचा उजेड तितका दूर पोहोचत नाही.

जवळच पितळी तांब्या होता. चकचकीत धातूवर उजेड पसरत नाही, त्यात ज्योतीचे छोटेसे प्रतिबिंब दिसते. म्हणून तिथे ब्रश न फिरवता ज्योतीच्या थराची लहान प्रत बसवली. तेलावरही तसाच एक बारीक ठिपका ठेवला.

जमले की नाही, हे कसे ओळखावे?

फोटोची वेगळी प्रत करून `Colors > Desaturate` ने ती कृष्णधवल करा. ज्योतीभोवतीचा भाग तरीही उजळ दिसला तर उजेड पडला आहे. तो सपाट झाला तर तुम्ही फक्त रंग चढवला आहे, मग लाल-हिरवा आणखी उचलावा लागेल. मग फोटो लहान करून पाहा. पाचवीकडेच नजर जात असेल तर ती बाकीच्या चारांपेक्षा भडक झाली आहे.

दोन ठिकाणी हे काम अडते. फोटो फ्लॅश मारून काढला असेल तर सगळे आधीच पांढरट उजळलेले असते आणि पणतीच्या उजेडाला जागाच उरत नाही. अशा वेळी आधी पूर्ण फोटो गडद करावा लागतो, तरी फ्लॅशची मागे पडलेली कडक सावली खरे सांगतेच. आणि जो भाग पूर्ण काळा आहे तिथे उचलायला तपशीलच नसतो. ताणला तर दाणेदार ठिपके वर येतात. तिथे हात आवरा.

मूळ फाइलला मात्र हात लावू नका. नवी प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि नावातच ‘ज्योत नंतर जोडली’ असे लिहा. छापून अल्बममध्ये लावणार असाल तर मागे पेन्सिलने तेवढीच ओळ. वीस वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्या नातवंडांना त्या संध्याकाळी वारा होता, हेही कळलेले बरे.