दहा पेल्यांखालची मुलं

‘दुसरं लग्न केलं तर त्यांची दोन मुलं आणि माझी मुलगी एका घरात रुळतील का?’ या प्रश्नाला टॅरोत दहा पेल्यांचं पान आलं की अनेक जण लगेच ‘हो’ म्हणतात. मला ती घाई वाटते. पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९च्या संचासाठी काढलेलं चित्र नीट बघा. जोडपं हात उंचावून इंद्रधनुष्यातले पेले पाहतंय. शेजारी नाचणाऱ्या दोन मुलांचं मात्र तिकडे लक्षच नाही. ती आपल्या परीने खूश आहेत, असं संचाचे कर्ते वेट यांनीही लिहिलंय. घर लांब, झाडीत आहे.

म्हणून मी पान असं वाचते: तुमचा आनंद खरा आहे, पण मुलांनी तो तुमच्यासारखाच मानावा असा आग्रह नको. ‘बाबा’ म्हणायला लावू नका. आधी मुलांचं आपसात जमू द्या. शेजारी सहा पेल्यांचं, जुन्या आठवणींचं पान आलं, तर मुलं अजून पहिल्या घरातच आहेत असं समजावं. तिथे पहिल्या आईचा फोटो भिंतीवरून काढू नये. किती वर्षं लागतील, ते पान सांगत नाही.