तेरावे अक्षर

मनाच्या श्लोकांची चाल ज्याच्या कानात बसली आहे, त्याला भुजंगप्रयात वेगळे शिकवावे लागत नाही. ओळीत बारा अक्षरे, आणि लघु-गुरु-गुरु हा तुकडा चार वेळा. आता त्या चालीवर रचलेल्या या दोन कच्च्या ओळी पाहा:

पहाटे नदीच्या तीरावर बसावे
धुक्यातून ते गाव आपले दिसावे

दोन्हींत तेरा अक्षरे भरतात. मोजताना बोलण्यावर जाऊ नये. आपण ‘गाव्’ म्हणतो, पण वृत्तात ‘व’ हे पूर्ण अक्षर आहे. ‘धुक्या’मधल्या जोडाक्षराचा मात्र आघात मागे येत नाही, म्हणून ‘धु’ लघुच राहतो.

पहिल्या ओळीत ‘तीरावर’ चार अक्षरांचा आहे, जागा तिनाची. ‘काठाशी’ घातले की बेरीज जुळते, तरी ओळ लंगडते, कारण तिथे लघू हवा आणि ‘का’ गुरू आहे. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात: बोटांवर बारा भरले की ते थांबतात. लघु-गुरु-गुरु असे तीन अक्षरी शब्द शोधले तर ‘तटाशी’ आणि ‘किनारी’ सापडतात. ‘तटाशी’ थोडा पुस्तकी वाटतो, म्हणून ‘किनारी’ घ्यावा. ‘तीरावर’चा ‘तिरावर’ करून काही साधत नाही. दोन लघू मिळून एक गुरू ही सवलत मात्रावृत्तात चालते, इथे अक्षरे बाराच हवीत.

दुसऱ्या ओळीत ‘आपले’ अडते. त्याजागी दोन गुरू हवेत. ‘माझे’ बसते, पण ‘बसावे’ म्हणताना जे सगळ्यांना बोलावणे होते ते एकट्याचे होऊन जाते. ‘सारे’ही बसते: ‘धुक्यातून ते गाव सारे दिसावे’. वृत्त बिनचूक, शिवाय ‘बसावे-दिसावे’ हे ‘सावे’पर्यंत जुळणारे भरीव यमक शाबूत. फक्त धुक्यातून गाव सारे कसे दिसेल, हा प्रश्न उरतो. मात्रा भरण्यासाठी आणलेला शब्द असा लगेच ओळखू येतो. तो काढला तर अर्थाचे काही बिघडत नाही.

मग ‘आपले’कडेच परत जावे. त्याचा आकार गुरु-लघु-गुरु. हा आकार एका तुकड्याच्या शेवटच्या अक्षरावर सुरू होऊन पुढच्या तुकड्यात शिरला तरच या चालीत बसतो. म्हणजे शब्द चुकीचा नव्हता, त्याची जागा चुकली होती. तो ‘गाव’च्या आधी नेला की ओळ होते:

धुक्यातून ते आपले गाव यावे

‘दिसावे’ला आता जागा उरली नाही, म्हणून ‘यावे’. यमक ‘आवे’पुरते सैल झाले. मला हा सौदा पटतो, कारण नुसते दिसणारे गाव आता धुक्यातून चालत येते. यमकाबाबत कडक असलेला कवी मात्र पहिल्या ओळीतले ‘बसावे’ काढून तिथे ‘किनारीच जावे’ करील. तेही वृत्तात बसते, पण मग तो ‘च’ कशासाठी, हे त्याला सांगावे लागेल.