शुभेच्छांखालची शेवटची ओळ

पाच सप्टेंबरला सकाळी क्लासचा मेसेज येतो. वर डॉ. राधाकृष्णन यांचा फोटो, खाली ‘तुम्हाला घडवणाऱ्या सर्व गुरुजनांना वंदन’, आणि अगदी तळाशी ‘आज प्रवेश निश्चित करणाऱ्यांना ट्यूशन फीमध्ये ५० टक्के सवलत, मोजक्याच जागा शिल्लक’.

राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. क्लासवाल्यांना तो सोयीचाही पडतो. यंदाच्या बॅच एव्हाना रुळलेल्या असतात आणि पुढच्या वर्षीच्या जागा भरायला सुरुवात करायची असते. त्यात गैर काही नाही. आभार मानता मानता प्रवेशाचंही सांगितलं, तर कोणाचं काय बिघडलं? घोळ असतो तो ‘ट्यूशन फीमध्ये’ या शब्दांत.

समजा, क्लासची एकूण फी ८० हजार आहे. पन्नास टक्के म्हटल्यावर आपण मनात ४० हजार धरतो. पण त्या ८० हजारांत ट्यूशन फी ६०, नोंदणी ५ आणि नोट्स व टेस्ट सिरीजचे १५ हजार असतील, तर सवलत फक्त ६० हजारांवर, म्हणजे ३० हजारांची. उरले ५० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ९ हजार. पावती फाटते ५९ हजारांची. मेसेजमध्ये खोटं एक अक्षर नाही, तरी हिशेब १९ हजारांनी चुकला. म्हणून काउन्सेलरला ‘किती टक्के’ विचारू नका, ‘सगळं धरून हातात किती द्यायचे’ ते विचारा आणि उत्तर लेखी मागा.

‘मोजक्याच जागा’चं मात्र वेगळं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जागा संपत आल्याची खोटी घाई करणं त्यात बसत नाही. निवड झालेल्या विद्यार्थ्याचा फोटो छापायचा, तर निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. चार दिवसांनी तीच ऑफर ‘मुदत वाढवली’ म्हणून परत आली, तर जागांचं काय झालं ते ओळखा.

मध्येच क्लास सोडावा लागला तर? शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेली असेल तर उरलेल्या काळाची रक्कम दहा दिवसांत परत द्यायला हवी. पण या सूचना राज्यांसाठी आहेत. त्यांना कायद्याचं बळ द्यायचं राज्याने. त्यामुळे ‘सवलतीतली फी परत मिळणार नाही’ असं फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलंय का, ते सहीआधी बघावं.

सरळ मेसेजही लिहिता येतो: ‘शाळेत तुमचा पाया घालणाऱ्या शिक्षकांना आज जरूर भेटून या. आमच्याकडे पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू आहेत. सवलत वजा जाता, करासह एकूण फी ५९ हजार, ३० सप्टेंबरपर्यंत. आधी दोन तास बसून बघा, मग ठरवा.’