आईच्या ठेवीचे सहा लाख

आईच्या पश्चात तिच्या मुदतठेवींतले सहा लाख रुपये मुलीच्या खात्यात जमा होतात. घरात हिशेब सुरू होतो तो बहुधा खर्चाच्या बाजूने: गाडी घ्यायची, स्वयंपाकघर नवं करायचं, उरलं तर कर्ज. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पण त्याआधी हे सगळे पैसे खरोखर आपलेच आहेत का, ते पाहायला हवं. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नाव असलं, तरी त्याने मालकी मिळत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेतो, एवढंच. भावंडांचा हिस्सा असेल तर तो आधी बाजूला काढायचा. आपल्याकडे वारशावर कर नाही, मृत्युसंपत्ती कर 1985 मध्येच रद्द झाला. बोनसचं तसं नसतं. तो पगारातच धरला जातो, म्हणून हातात पडेल तेवढ्याच रकमेचा विचार करावा.

समजा, हे सहा लाख पूर्ण तिचे आहेत. नवरा-बायको दोघं नोकरी करतात. क्रेडिट कार्डावर साठ हजार थकलेत, वैयक्तिक कर्जाचे एक लाख चाळीस हजार उरलेत आणि घराचं कर्ज वीस लाखांचं आहे. शिल्लक जवळजवळ नाही.

आधी कार्ड. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे साठ हजारांवर एकवीसशे रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. किमान रक्कम भरली की दंड टळतो, व्याज चालूच राहतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, दूध-किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एवढा परतावा खात्रीने देणारी कुठलीच ठेव नाही, म्हणून इथे घासाघीस नको. पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं, तेही भरून टाकावं.

वैयक्तिक कर्जाला मात्र थोडा विचार लागतो. व्याज चौदा टक्के, दोन वर्षांचे हप्ते बाकी, हप्ता सुमारे 6,720 रुपये. आज बंद केलं तर पुढचं साधारण एकवीस हजारांचं व्याज वाचतं. मुदतीआधी फेडण्याचा आकार चार टक्के धरला, तर जीएसटीसह 6,600 रुपये जातात. फायदा स्पष्ट आहे. पण याच कर्जाचे शेवटचे सहाच हप्ते उरले असते, तर वाचणारं व्याज सोळाशेच्या आसपास आणि आकार अठराशेच्या वर! शेवटी शेवटी हप्त्यात मुद्दलच जास्त असतं, तेव्हा कर्जमुक्तीच्या समाधानासाठी वर पैसे मोजू नयेत. बंद करण्यापूर्वी बँकेकडून एकूण भरायच्या रकमेचं पत्रक मागावं.

आता उरले 3,93,400. ते सगळे गृहकर्जात घालावेत असं पुष्कळांना वाटतं, आणि चूक इथेच होते. गृहकर्जात गेलेला पैसा सहसा परत काढता येत नाही. उद्या दवाखान्याचा खर्च आला, की पुन्हा कार्डच पुढे केलं जाईल, आणि साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी चाळीस टक्क्यांचं नवं घेतल्यासारखं होईल. म्हणून त्यांच्या घरखर्चाच्या तीन महिन्यांएवढे दीड लाख मोडता येईल अशा मुदतठेवीत ठेवायचे. तिथे व्याज कमी मिळेल. पण हा पैसा अडीअडचणीसाठीच आहे.

मग दोन लाख गृहकर्जात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींना मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. व्याज साडेआठ टक्के, पंधरा वर्षं बाकी, हप्ता सुमारे 19,700. दोन लाख भरल्यावर दोन वाटा असतात. हप्ता कमी करून घेतला, तर तो दोन हजारांनी उतरतो आणि पूर्ण मुदतीत सुमारे दीड लाखाचं व्याज वाचतं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर कर्ज बत्तीस महिने आधी संपतं आणि वाचणारं व्याज चार लाखांच्या पुढे जातं. भरणा तोच, फरक फक्त अर्जातल्या एका ओळीचा. म्हणून ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्यावं आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याची तारीख स्वतः पाहावी. ज्यांना महिना काढणंच कठीण जातंय, त्यांनी मात्र हप्ता कमी करून घेण्यात काही गैर नाही.

शेवटी उरतात 43,400 रुपये, आणि ते खर्चच करावेत असं मला मनापासून वाटतं. आईने पै पै साठवलेल्या पैशातून घरात एखादी वस्तू यावी, सगळ्यांनी मिळून कुठे जाऊन यावं. तेवढीही मुभा नसेल, तर राखीव ठेवच आधी मोडली जाते.

वैयक्तिक कर्ज संपल्यावर ‘देणं बाकी नाही’ असं पत्र घ्यायला विसरू नये. आणि पुढच्याच महिन्यापासून मोकळ्या झालेल्या 6,720 रुपयांचं आवर्ती खातं उघडावं. पैसे हप्त्याच्याच तारखेला वळते होतील असं करून ठेवावं, कारण त्या रकमेशिवाय महिना काढायची सवय घराला झालेलीच आहे.