पोटाच्या एक्स-रेतील हवा

पोटाच्या एक्स-रेत आतडे दिसते ते आतल्या हवेमुळे. हाडे पांढरी, स्नायू आणि पाणी राखाडी, हवा काळी. त्यामुळे हवा भरलेला आतड्याचा भागच आपला आकार दाखवतो. रुग्ण उताणा असताना किरण वरून खाली जातात आणि हवा पोटाच्या पुढच्या बाजूला पसरते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा वर, पाणी खाली आणि मध्ये आडवी सरळ रेघ दिसते. ती रेघ इथे मिळत नाही. म्हणून वाचन आतड्याच्या रुंदीवर, जागेवर आणि वळ्यांवर चालते.

पहिला प्रश्न असतो, फुगलेले आतडे कोणते? लहान आतडे पोटाच्या मध्यभागी असते आणि त्याच्या बारीक वळ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार जातात. मोठे आतडे पोटाला चौकटीसारखे वेढते. त्याच्या खाचा जाड आणि दूरदूर असतात, बहुधा अर्ध्यावरच थांबतात, आणि आत मळाचे ठिपकेदार मिश्रण दिसते. मग रुंदी मोजतात. लहान आतडे 3 सेंटिमीटर, मोठे 6 आणि त्याची उजवीकडची सुरुवातीची पिशवी 9 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल, तर ते फुगलेले मानतात.

समजा, पूर्वी गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंना दोन दिवस उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे, वायूही सरत नाही. एक्स-रेत मध्यभागी एकावर एक रचलेले चार-पाच वेढे दिसतात. सर्वांत रुंद वेढा 4.5 सेंटिमीटरचा, वळ्या आरपार. पण कडेच्या मोठ्या आतड्यात आणि गुदाशयात हवा जवळजवळ नाही. वर फुगवटा आणि खाली रिकामेपण, हा संयोग लहान आतड्यातल्या अडथळ्याकडे बोट दाखवतो. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेले चिकटे हे त्याचे नेहमीचे कारण. तरीही जांघेचा भाग नीट पाहावाच लागतो. तिथे हवेचा ठिपका असेल, तर हर्नियात आतडे अडकल्याची शंका येते.

हीच हवा लहान-मोठ्या दोन्ही आतड्यांत गुदाशयापर्यंत पसरलेली असती, तर आतड्याची हालचालच मंदावल्याचा विचार आधी आला असता. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत हे वारंवार दिसते. मात्र अडथळा नुकताच झाला असेल, तर खालची हवा अजून निघून गेलेली नसते आणि चित्र फसवते.

याहून मोठा धोका म्हणजे हवाच न दिसणे. अडलेल्या आतड्यात केवळ पाणी साठले, तर वेढे राखाडी पार्श्वभूमीत विरून जातात आणि एक्स-रे निर्दोष वाटतो. कधी वळ्यांमध्ये अडकलेले हवेचे छोटे बुडबुडे मण्यांच्या माळेसारखे ओळीने दिसतात; तेवढाच धागा हाती लागतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हेही या एक्स-रेवरून खात्रीने ठरत नाही. पोट दुखत राहिले, नाडी वेगाने चालली, तर एक्स-रे साधा दिसला तरी सीटी स्कॅन करावे लागते.